सहा तासांचा बेत, दीड तासाची वही

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून बेळगावच्या उद्यमबागमध्ये मी रोज कामाला जाते. एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागात आहे. बी.कॉम. झाल्यावर सीए इंटरमीडिएटला नाव नोंदवलं आणि सप्टेंबर २०२४ ला पहिला ग्रुप द्यायचा ठरवला. तीन पेपर होते : ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कंपनी व इतर कायदे आणि टॅक्सेशन. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण लागतात आणि तिन्ही मिळून १५०. मला ४६, ३३ आणि ३८ मिळाले. बेरीज ११७.

अभ्यास झाला नाही हे निकालाआधीच कळलं होतं. पण का झाला नाही, हे मला बरेच दिवस नीट सांगता येत नव्हतं. आळस केला म्हणावं तर मी पहाटे उठत होते. वेळ नव्हता म्हणावं तर माझ्याच वेळापत्रकाप्रमाणे वेळ भरपूर होता.

ते वेळापत्रक असं होतं. पहाटे साडेचार ते सात अडीच तास, बसमध्ये जाता-येता पाऊण-पाऊण तास आणि रात्री साडेआठ ते साडेदहा दोन तास. म्हणजे रोजचे सहा. सोमवार ते शनिवार छत्तीस, रविवारी दहा, आठवड्याचे शेहेचाळीस. २२ एप्रिलपासून वीस आठवडे हातात होते, म्हणजे ९२० तास. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली लाल पेनाने रेघ मारली होती. अख्खा ग्रुप तीनदा वाचून होईल असं मला मनापासून वाटत होतं.

पहिल्या आठवड्यातच बुधवारचे दोन तास राहिले. ते गुरुवारी टाकले, गुरुवार आठ तासांचा झाला. आठ होणार कुठून, मग शुक्रवार नऊ तासांचा झाला. चौथ्या रविवारपर्यंत डोक्यावर एवढं मागचं साठलं की ते वेळापत्रक फाडून मी नवीन केलं, आणि नवीन वेळापत्रक पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू केलं. वीस आठवड्यांत मी चार वेळापत्रकं केली. परीक्षेनंतर पुस्तकं आवरताना त्यांच्या कडा बघितल्या. कायद्याच्या पुस्तकात कंपनी कायद्याच्या सुरुवातीच्या धड्यांची पानं काळी पडली होती. शेवटचे फेमा, जनरल क्लॉजेस ॲक्ट आणि कायद्याचा अर्थ लावण्याचे नियम मात्र कोरे होते. टॅक्सच्या पेपरात निम्मे गुण जीएसटीला असतात, आणि जीएसटीचं पुस्तक जवळपास नवंच होतं. कुणाचं वेळापत्रक फुगवलेलं आहे का हे ओळखायला मी आता हीच खूण सांगते : सुरुवातीचे धडे तीनदा झालेले असतात आणि शेवटचे एकदाही नाही.

कारण सापडलं ते अभ्यास करतानाच, तेही परीक्षा संपल्यावर. अकाउंट्समध्ये मालसाठ्याच्या मूल्यांकनाचं मानक आहे, एएस २. कारखान्याचा स्थिर खर्च प्रत्येक नगावर वाटताना कुठली क्षमता धरायची, हे त्यात सांगितलं आहे. यंत्र जास्तीत जास्त किती काढू शकतं तो आकडा तिथे चालत नाही. अनेक कालखंडांत, नेहमीच्या परिस्थितीत, ठरलेल्या देखभालीसाठी जाणारा वेळ वजा करून सरासरी जेवढं उत्पादन अपेक्षित असतं, ती सामान्य क्षमता धरायची. आमच्या फाउंड्रीत हे रोज चालतं. प्लॅनिंगला बसणाऱ्या अण्णांना मी विचारलं, "अण्णा, आठ तासांच्या शिफ्टला तुम्ही किती तास धरता?"

ते म्हणाले, "साडेसहा. भट्टी तापायला वेळ जातो, साचा बदलायला जातो, करंट जातो. आठ धरून ऑर्डर घेतली तर पार्टीला रोज फोन करून माफी मागायला बसावं लागतं की गे."

मी स्वतःच्या दिवसाची कमाल क्षमता धरून ऑर्डर घेतली होती. साडेचारला उठले तर अभ्यास साडेचारला सुरू होतो, बसमध्ये बसले तर वाचता येतं, रात्री साडेआठला ताटं उचललेली असतात, हे सगळं मी धरूनच चालले होते.

सप्टेंबरच्या शेवटी दोन आठवडे मी एकच काम केलं. अभ्यासाचं कुठलंही ठरलेलं ओझं न ठेवता, जेवढा होईल तेवढा करायचा आणि वहीत लिहायचा. पुस्तक उघडून पहिली ओळ वाचायला घेतली की वेळ लिहायची. पाच मिनिटांपेक्षा जास्त उठावं लागलं की वेळ बंद, परत बसले की परत सुरू. ऑफिसात आम्ही रोकडवही लिहितो तशी, त्याच दिवशी आणि आठवणीवर न सोडता. आई विचारायची, "अजून तेच लिहायलीस काय गे?" होय, तेच लिहीत होते.

पहिल्या आठवड्यात सोमवार ते शनिवार मिनिटं निघाली ११०, १३०, ४०, १४०, ९५ आणि ६५, रविवारी २७०. दुसऱ्या आठवड्यात ९५, १२०, १५०, शून्य, १०५ आणि १३०, रविवारी २००. शून्याच्या दिवशी ऑफिसातून यायला साडेनऊ झाले होते. दोन्ही आठवडे मिळून साडेसत्तावीस तास, म्हणजे आठवड्याला पावणेचौदा. कागदावर मी शेहेचाळीस धरले होते.

बाकीचे तास कुठे जातात, तेही त्याच वहीत दिसलं. साडेचारला उठून चूल, अंघोळीचं पाणी आणि गोठ्यातलं थोडं काम करून टेबलाशी बसायला पाच-वीस होत. साडेसहाला डबा. म्हणजे पहाटेच्या अडीच तासांतले सत्तर मिनिटं माझे, तेही सगळं सरळ चाललं तर. बसचं तर मी वेगळंच टिपलं. शक्ती योजना आल्यापासून आम्हा बायकांना तिकीट लागत नाही. माझ्यासारखीच्या पगारात तो मोठा आधार आहे, आणि त्यामुळे सकाळच्या खानापूर-बेळगाव बसला गर्दीही असते. चोवीस फेऱ्यांपैकी सातच वेळा बसायला मिळालं. उभ्याने एका हाताने दांडा धरून कायद्याचं कलम वाचता येत नाही. तेव्हापासून बसचा वेळ मी हिशेबातच धरत नाही. जागा मिळाली तर मोबाईलवर काढून ठेवलेल्या व्याख्या चाळते, आणि त्याला मी वरकड समजते. योजनेत तो नाही.

मग रोजचे किती तास धरायचे? सरासरी घ्यावी असं पहिल्यांदा वाटलं. सोमवार ते शनिवारची सरासरी येत होती ९८ मिनिटं. पण सरासरीएवढं ओझं ठेवलं तर जवळपास निम्म्या दिवशी ते पूर्ण होणार नाही, आणि अपुऱ्या दिवसांची थकबाकी पुन्हा डोक्यावर बसेल. म्हणून मी उलटं बघितलं : बारापैकी किमान नऊ दिवस जमलेला आकडा कुठला? तो निघाला पंचाण्णव मिनिटं, मी धरली नव्वद. दीड तास. सहा तासांच्या जागी दीड तास लिहिताना हात अडखळला, हे खरं आहे. आपण अभ्यासातून पळतोय असं वाटलं. पण बारापैकी नऊ दिवस खरोखर झालेला दीड तास होता तो, आणि सहा तास एकाही दिवशी झाले नव्हते.

तासांची ही एक बाजू झाली. कामाचा अंदाजही तेवढाच चुकलेला होता. एखादा धडा किती तासांत होईल हे मी मनाने लिहायचे. त्या दोन आठवड्यांत तिन्ही विषयांचा एकेक धडा मुद्दाम मोजून केला. अकाउंट्सच्या धड्याला मी सहा तास धरले होते, लागले नऊ तास चाळीस मिनिटं. कायद्याला चार धरले, लागले सात. जीएसटीच्या धड्याला पाच धरले होते, लागले साडेसात. दोन तासांचं लेक्चर ऐकायला दोन तास लागतात असं आपण धरतो, पण थांबवून लिहून घ्यायचं, न कळलेलं परत ऐकायचं, शेवटी गणितं सोडवायची, यात सव्वातीन तास जातात. त्यात मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इंग्रजीतलं कलम मला दोनदा वाचावं लागतं, आणि ते दुसरं वाचन माझ्या अंदाजात कधीच नव्हतं. तिन्ही मिळून गुणक निघाला साधारण १.६. म्हणजे माझ्या मनाने दहा तास सांगितले की प्रत्यक्षात सोळा धरायचे.

मनाच्या अंदाजाला थोडी काळजी जोडली की तो बरोबर येतो, असंही नाही. कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या चुकीला डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. वाईटाची कल्पना करूनसुद्धा माणूस कमीच सांगतो. म्हणून "जरा जास्तच धरते" हा उपाय मी सोडला आणि वहीतला आकडा धरला.

आता ऑक्टोबरमधला हिशेब. ग्रुपचं उरलेलं काम माझ्या जुन्या अंदाजाने अकाउंट्सचं ३६ तास, कायद्याचं ३२, टॅक्सचं ४७, म्हणजे एकूण ११५. गुणक लावून १८४. माझी क्षमता सोमवार ते शनिवार रोज दीड तास, आठवड्याला नऊ तास. रविवार यात धरलाच नाही, त्याचं पुढे सांगते.

पुढची परीक्षा जानेवारीत होती. ७ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत बारा आठवडे, त्यातला एक दिवाळीचा, एक भातकापणी आणि मळणीचा. उरले दहा. दहा गुणिले नऊ, नव्वद तास. काम १८४ तासांचं. निम्मंही बसत नव्हतं. रविवारचे सगळे तास ओतले असते तरी बसलं नसतं. मी तो कागद घेऊन तासभर ओसरीवर बसले होते. मग बाबांना सांगितलं की जानेवारीला फॉर्म भरत नाही, मे ला देते. ते एवढंच म्हणाले, "परत सहा महिने?" त्यांचं चुकलं नव्हतं. पण जे मला पहिल्या खेपेला सप्टेंबरमध्ये परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं, ते या खेपेला ऑक्टोबरमध्ये घरी कळलं होतं, आणि फीचे पैसे वाचले होते.

मे २०२५ साठी हिशेब असा मांडला. ७ ऑक्टोबर ते २० एप्रिल अठ्ठावीस आठवडे. त्यानंतर परीक्षेपर्यंत रजा टाकून फक्त उजळणी. अठ्ठावीसमधून दिवाळी एक, मळणी एक, बहिणीचं लग्न एक आणि मार्चअखेरचे दोन वजा. अकाउंट्सच्या माणसाला मार्चअखेर म्हणजे रात्री नऊपर्यंत ऑफिस, त्या पंधरवड्यात अभ्यासाची आशा धरण्यात अर्थ नाही. उरले तेवीस आठवडे. कामाला १८४ भागिले ९, म्हणजे एकवीस. दोन आठवडे शिल्लक.

दिवाळी, मळणी, लग्न हे राखीव वेळेत बसवायचे नाहीत, हे मला इथे समजलं. ते आधीच माहीत असतात. त्यांना कॅलेंडरमधूनच कापायचं. राखीव वेळ फक्त माहीत नसलेल्यासाठी. अण्णांच्या भाषेत, ठरलेली देखभाल वेगळी आणि भट्टी अचानक बंद पडणं वेगळं.

हा राखीव वेळ कुठे ठेवायचा, यात मी आणखी एकदा चुकले. सुरुवातीला प्रत्येक धड्याला एक-एक तास जास्तीचा जोडून दिला. तो तास सगळीकडे संपून जायचा. सात तासांचा धडा आठ तास दिले की आठ तासांतच व्हायचा. मी टिपणं रंगवत बसायचे, सोडवलेलं गणित पुन्हा मांडायचे. आणि एखाद्या धड्याला खरोखर चार तास जास्त लागले तर त्याच्यापाशी एकच तास असायचा. तीन आठवड्यांनी ते सगळे सुटे तास काढून घेतले आणि दोन ठिकाणी एकत्र ठेवले : दर आठवड्याचा रविवार आणि शेवटचे दोन आठवडे. सगळे धडे एकाच वेळी लांबत नाहीत, त्यामुळे एकत्र ठेवलेला साठा कमी असला तरी पुरतो.

रविवारचे तीन तास मी कोरे ठेवले. त्यात फक्त त्याच आठवड्यात राहिलेलं करायचं. काही राहिलं नसेल तर पुढचा धडा ओढायचा नाही, शेतावर जायचं नाहीतर झोपायचं. हा नियम मला सगळ्यात जड गेला, कारण रिकामा रविवार दिसला की जुनी मी जागी व्हायची. पण एकदा पुढचं ओढायला लागले की रविवार कामाचा दिवस होतो, आणि मग पडलेलं उचलायला जागाच राहत नाही. रविवारीही पुरं झालं नाही ते पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. ते शेवटच्या दोन आठवड्यांच्या अठरा तासांच्या खात्यातून वजा करायचं. वहीच्या मागच्या पानावर मी ते खातंच उघडलं : सुरुवातीची शिल्लक १८ तास, तारीख, कारण, किती वापरले, उरले किती. मंगळवार बुडाला तर बुधवार दीड तासाचाच राहिला, यातच बरंच काही सुटलं. तेवढ्याने एकही वेळापत्रक फाडावं लागलं नाही.

एकवीस रविवारांपैकी तेरा पूर्ण वापरले गेले, पाच अर्धेमुर्धे आणि तीन पूर्ण मोकळे. डिसेंबरमध्ये बाबा तापाने आडवे झाले आणि बेळगावला दवाखान्यात पाच दिवस होते. तो अख्खा आठवडा गेला, मागच्या खात्यातून नऊ तास गेले. मन खचलं ते बाबांसाठी, अभ्यासासाठी नाही. अठरा वजा नऊ लिहून पुढच्या सोमवारी मी ठरलेलाच धडा उघडला.

जानेवारीत मात्र एक वेगळी गोष्ट झाली. सलग तीन रविवार पूर्ण खाल्ले गेले आणि घरात काहीच अडचण नव्हती. लाईट होती, ऑफिस वेळेवर सुटत होतं. तेव्हा मी थांबून वही बघितली. मिनिटं ठीक होती, ९० च्या आसपास. धडेच लांबत होते, आणि सगळे कायद्याचे. १.६ हा तिन्ही विषयांचा मिळून गुणक होता, कायद्याचा एकट्याचा मोजला तेव्हाच पावणेदोन आला होता आणि मी तो सरासरीत बुडवला होता. उरलेल्या कायद्याच्या धड्यांना १.७५ लावल्यावर दोन तासांची तूट दिसली. ती खात्यातून भरली, शिल्लक सातवर आली. एखादा रविवार गेला तर अपघात म्हणायचा. ओळीने तीन गेले तर अंदाजच चुकला आहे, आणि जास्त जोर लावून तो भरून येत नाही, आकडा बदलावा लागतो.

२० एप्रिलला खात्यात साडेतीन तास उरले होते. ते मी फेमासाठी वापरले. उजळणीच्या दिवसांतही नवीन बारा तासांचं वेळापत्रक केलं नाही. रजेत रोज पाच तास धरले होते, पहिले तीन दिवस मोजले तर चार-वीस, पाच-दहा आणि चार-पन्नास झाले, तेव्हा साडेचारवर आणले आणि अकाउंट्सची दोन मोठी गणितं उजळणीतून काढून टाकली. मे मध्ये पहिला ग्रुप निघाला : ५८, ४७ आणि ५५.

आता दुसरा ग्रुप चालू आहे. मी ९० मिनिटांचाच आकडा पुढे नेणार होते, पण जूनमध्ये परत दोन आठवडे वही लिहिली. आमच्याकडे पाऊस लागला की लाईट तासन्‌तास जाते, बस उशिरा येते, आणि जुलैत भाताची लावण असते. बारापैकी नऊ दिवस जमलेला आकडा निघाला ६५ मिनिटं. म्हणून सप्टेंबरची परीक्षा सोडली आहे. पावसाळ्यात आठवड्याला साडेसहा तास, ऑक्टोबरपासून नऊ, आणि मागच्या पानावर नवीन खातं. कॉस्टिंगचा एक धडा मोजून झाला आहे, तिथला गुणक १.३ आला. ऑडिटचा अजून मोजायचा आहे, तो झाल्याशिवाय तारखा लिहायच्या नाहीत असं ठरवलं आहे.